बाण कुठे जातो?

शंका सोडवण्याच्या कामात निम्मा वेळ फोटो वाचण्यातच जातो. मुलं पुस्तक मांडीवर ठेवून, तिरका फोटो काढून पाठवतात आणि खाली एवढंच लिहितात: 'मॅडम, हे कसं?'

परवाचा फोटो खडकचक्राचा होता. वर डावीकडे अग्निजन्य, उजवीकडे स्तरित, खाली उजवीकडे रूपांतरित. रूपांतरितपासून निघालेला बाण डावीकडे वळून फोटोच्या कडेला संपत होता. मुलीने तो अग्निजन्यला जोडला होता आणि उत्तर लिहिलं होतं: 'उष्णता व दाबामुळे रूपांतरित खडकाचा अग्निजन्य खडक होतो.'

मी बाणाच्या टोकाआधी त्यावरचा शब्द वाचते. टोक पानाच्या घडीत हरवतं, शब्द सहसा शाबूत राहतो. इथे 'उष्णता व दाब' हे शब्द अग्निजन्यकडून रूपांतरितकडे जाणाऱ्या रेषेवर होते, म्हणजे ग्रॅनाइटचा नीस होतो ती वाट. कडेला संपणाऱ्या बाणावर मात्र पुसटसं 'वितळणे' होतं. आणखी एक गोष्ट खटकली. अग्निजन्यच्या चौकटीत खालून एक बाण शिरत होता, त्यावर 'थंड होणे' लिहिलेलं, पण तो निघाला कुठून ते दिसतच नव्हतं. वितळलेलं काहीतरी असल्याशिवाय थंड काय होणार? खालची शिलारसाची चौकट फोटोत आलीच नव्हती.

तिला पान सपाट करून पुन्हा फोटो काढायला सांगितलं. चौकट होती, अगदी तळाशी, चित्राच्या नावाला चिकटलेली. ज्याच्यावाचून एकही अग्निजन्य खडक तयार होत नाही, ते चित्रकाराने कोपऱ्यात ढकललं होतं!

मग तिला सांगितलं, रूपांतरण घन अवस्थेतच होतं. खनिजं नव्याने स्फटिकतात, पट्ट्यांत लागतात, पण खडक वितळत नाही. वितळला की शिलारस, आणि शिलारस थंड झाला की अग्निजन्य. म्हणून तिथे दोन बाण लागतात.

तिचा पुढचा प्रश्न: 'मग वितळतो तरी किती अंशाला?'

हे त्या चित्रात कुठेच नाही. ग्रॅनाइटसारख्या घटकांचा नीस खोलवर, पाण्याच्या सान्निध्यात, साधारण 650 ते 700 अंश सेल्सिअसलाच वितळू लागतो. कोरडा बेसॉल्ट हजाराच्या पुढे जातो. आणि सगळा खडक एकदम वितळतही नाही. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार आधी वितळतात, गडद खनिजं मागे राहतात. तिथेच थंड झालं, तर एकाच दगडात फिकट पट्टा अग्निजन्य आणि गडद पट्टा रूपांतरित. त्याला मिग्मटाइट म्हणतात.

'मग तो कुठल्या चौकटीत?'

अजून तिला उत्तर पाठवलेलं नाही. 'दोन्हींच्या मधे' लिहिलं, तर तिचे पेपर तपासणारे गुण देणार नाहीत.