आंब्याचा रस आणि नारळाचा चव फ्रीझरमध्ये: माझा दोन वर्षांचा अनुभव

पहिल्या वर्षी मी रस डब्यात भरला, तिथेच चुकलं. गुहागरहून माहेरची पेटी आली होती. खाऊन उरलेल्या हापूसचा साधारण किलोभर रस मी स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरला आणि फ्रीझरमध्ये ठेवून दिला. दोन दिवसांनी पाहिलं तर डब्याचं झाकण वर उचललं गेलं होतं. रसात पाणी भरपूर असतं आणि पाणी गोठताना फुगतं. वर जागा ठेवायला हवी हे तेव्हा कळलं.

खरी फजिती झाली गणपतीत. आंब्याचे मोदक करायचे म्हणून आदल्या रात्री डबा बाहेर काढला. सकाळी कडेचा रस पातळ झालेला आणि मधोमध बर्फाचा गोळा तसाच. घाईत डबा गरम पाण्यात ठेवला. कडेच्या रसाला शिजल्यासारखा वास आला, गोळा मात्र सुटेना. कसाबसा अर्धा रस वापरला आणि उरलेला पुन्हा गोठवला. पुढच्या वेळी तो तपकिरी झाला होता, तळाशी पाणी आणि वर चोथा. टाकून देताना फार वाईट वाटलं, कारण त्या पेटीमागे बाबांचा सगळा उन्हाळा असतो.

असं का झालं ते मग समजून घेतलं. घरच्या फ्रीझरमध्ये जाड गोळा फार हळू गोठतो. हळू गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि रसाची घडण मोडतात, म्हणून वितळल्यावर पाणी वेगळं पडतं. रस पातळ पसरवला तर तो लवकर गोठतो आणि वितळतोही लवकर, एकसारखा.

दुसऱ्या वर्षी दोन डझन हापूस बाजूला काढले, पूर्ण पिकलेले, देठाशी वास सुटलेले. पिळून रस काढला नाही. आधी दोन्ही बाजूंच्या फोडी कापून आत बघितलं, कारण हापूसमध्ये साका निघतो. बाठ्याजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट असतो, आणि बाहेरून फळ अगदी देखणं दिसतं. न बघता पिळलं की एका फळाची चव सगळ्या रसाला लागते. चोवीसांत तीन फळं तशी निघाली, ती पूर्ण बाजूला केली. उरलेल्यांचा गर पुरणयंत्रातून काढला. मिक्सर मी मुद्दाम टाळते. त्यात रसात हवा शिरते, फेस येतो आणि रंग लवकर काळवंडतो.

एकवीस आंब्यांचा साधारण तीन किलो रस निघाला. किलोला शंभर ग्रॅम साखर घालून विरघळेपर्यंत ढवळली. साखरेमुळे रस दगडासारखा गोठत नाही आणि रंगही चांगला राहतो. दूध मात्र घालायचं नाही, ते वाढताना. मग रस फ्रीजमध्ये दोन तास गार केला. चेन असलेल्या जाड पिशव्यांत पाव-पाव किलो भरून हवा काढली आणि पिशव्या ताटात आडव्या ठेवल्या. प्रत्येक पिशवी वहीएवढी रुंद आणि बोटभर जाड. एका वेळी चार-पाचच ठेवल्या. सगळ्या एकदम कोंबल्या तर फ्रीझरच गरम होतो आणि गोठायला वेळ लागतो. गोठल्यावर त्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या, जागाही वाचली.

नारळाची गोष्ट जरा वेगळी. पहिल्या वर्षी चार नारळांचा चव एकाच पिशवीत भरला होता. त्याचा दगड झाला, बत्त्याने फोडून वापरला. आणि त्यातला एक नारळ किंचित खवट होता, त्याने सगळा चव बिघडला. आता प्रत्येक नारळ फोडला की आधी पाणी चाखते, मग खोबऱ्याचा वास घेते आणि वेगळ्या वाटीत खोवते. पाठीची तपकिरी साल येऊ लागली की थांबते. तो शेवटचा भाग आमटीच्या वाटणाला चालतो, मोदकाला नाही. चव मोठ्या ताटात मोकळा पसरून तासभर फ्रीझरमध्ये ठेवते, मग हाताने सुटा करून वाटीवाटीच्या पिशव्या भरते. आमच्या बाजारातल्या मध्यम नारळाचा दोन-सव्वादोन वाट्या चव होतो. पिशवीवर तारीख लिहिते. घरच्या फ्रीझरमध्ये अडीच-तीन महिन्यांच्या पुढे त्याला साबणासारखा वास येऊ लागतो, माझा तरी तसा अनुभव आहे. रस मात्र पुढच्या पेटीपर्यंत टिकला.

वितळवायच्या बाबतीत दोघांची तऱ्हा अगदी उलटी आहे. रसाला घाई चालत नाही. आदल्या रात्री पिशवी थाळीत ठेवून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते, सकाळपर्यंत सुटतो. पाहुणे अचानक आले तर बंद पिशवी गार पाण्यात बुडवते. पातळ असल्यामुळे पंचवीसेक मिनिटांत काम होतं. मायक्रोवेव्ह नाही, गरम पाणी नाही. थोडं पाणी सुटलेलं दिसलं तर ओतून देऊ नका, गोडवा त्यातही असतो. रवीने हलक्या हाताने घुसळलं की रस पुन्हा एकजीव होतो.

नारळ मला सासूबाईंनी शिकवला. पहिल्यांदा गोठलेला चव थेट मिक्सरला लावून सोलकढीचं दूध काढत होते. भांड्यात पांढरे, मेणचट कण तरंगू लागले आणि दूध पाण्यासारखं पातळ निघालं. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, हाताला गार लागतोय तोवर वाटू नकोस. खोबरेल थंडीत कसं थिजतं?"

"आई, मग पाणी घालू का?"

"कोमट घाल. बोट सहज बुडवता येईल एवढं."

अगदी तेच कारण होतं. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली थिजतं, म्हणून गार नारळ वाटला की तेल लोण्यासारखं वेगळं होतं आणि दुधात मिसळतच नाही. आता चव ओट्यावर अर्धा-पाऊण तास ठेवते. मऊ झाला की वाटीभर चवाला पाऊण वाटी कोमट पाणी घालते, दहा मिनिटं थांबते, मग वाटते. दूध दाट निघतं आणि कोकमाच्या आगळात छान मिसळतं. वाटणालाही हेच करते. मोदकाच्या सारणाला मात्र चव गोठलेलाच कढईत टाकते. आधी त्याचं पाणी आटू देते आणि मगच गूळ घालते, नाहीतर सारण सैल होतं. पोह्यांवर घालायचा असेल तर गॅस बंद करण्याआधी पेरून झाकण ठेवते, दोन मिनिटं वाफेत.

वीज गेली तर काय, ही भीती पावसाळ्यात असतेच. त्यासाठी एक वाटी पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलं आहे. गावाहून आल्यावर आधी ती वाटी बघते. नाणं वरच असलं तर काळजी नाही. गेल्या जुलैत ते तळाशी दिसलं, म्हणजे मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. चवाच्या तीन पिशव्या आणि रसाच्या चार, सगळं टाकलं. यंदा गावाला जायच्या आधी फ्रीझरमध्ये मोजक्याच पिशव्या ठेवल्या आणि बाकीच्या शेजारच्या काकूंकडे दिल्या.