चष्म्यामागचे काका

"ह्यांचा चष्मा तेवढा काढून देशील?" समोरच्या काकूंनी काकांचा फोटो माझ्या टेबलावर ठेवला. भिंतीवर लावायचा होता. घरात काका चष्मा काढूनच बसायचे म्हणे.

लोकांना वाटतं, चष्मा काढणं म्हणजे फळ्यावरचं पुसणं. पण इथे पुसल्यावर खाली काहीच नसतं. जेवढी जागा चष्म्याने अडवली होती, तेवढा माणूस नव्याने घडवावा लागतो.

संगणकावर काड्या पटकन गेल्या. जाड काळ्या फ्रेमने मात्र छळलं. हीलिंग ब्रश डाग आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकतो; तो तिच्या कडेला लागला की काळा रंग आत ओढतो आणि गालावर काजळ फिसकटल्यासारखं दिसतं. म्हणून आधी क्लोन स्टॅम्पने शेजारची त्वचा आणून फ्रेम झाकली. हीलिंग ब्रश अगदी शेवटी.

फ्रेम गेल्यावर खरी गंमत दिसली. काकांचा नंबर उणे सहाच्या आसपास. अशा काचेमागे डोळा सहा-सात टक्के लहान दिसतो आणि कानशिलाची कडाही आत सरकते. म्हणजे चष्मा नाहीसा झाला, तरी काच चेहऱ्यात राहिलेलीच! कानशिलापाशी चक्क पायरी पडली होती. ती कडा बाहेर ओढली आणि डोळे वेगळ्या लेअरवर, म्हणजे फोटोवरच्या वेगळ्या थरावर, घेऊन १०७ टक्के केले. काका एकदम जागे झाल्यासारखे वाटले.

डाव्या काचेवर हिरवट चमक होती. तिच्याखाली अर्धं बुबुळ गडप. उजवा डोळा उलटवून तिथे बसवायचा मोह होतोच, पण मग बुबुळातला प्रकाशाचा ठिपका भलत्या बाजूला जातो. खिडकी एक, तर दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला हवा. शिवाय काकांची डावी पापणी जराशी जड. म्हणून बुबुळच तेवढं उचललं, ठिपका पुसून नवा दिला, पापणी होती तशीच ठेवली.

भुवयांचा खालचा भाग फ्रेमखाली गेला होता. त्यांचं वळण लग्नातल्या फोटोवरून घेतलं, केस मात्र आताचे, मधूनमधून पांढरे. नाकाजवळचे केस वर उभे राहतात, पुढे कानाकडे आडवे होत जातात. सगळे एकाच दिशेने ओढले की भुवई चिकटवल्यासारखी दिसते. नाकाच्या दांड्यालाही एकच रंग देऊन चालत नाही, नाक सपाट होतं. खिडकीपलीकडची बाजू सावलीत ठेवली, चष्म्याची सावली तेवढी काढली. नव्या त्वचेवर मूळ फोटोइतके रवे टाकले आणि चित्र आडवं उलटवून पाहिलं. उलटं पाहिलं की तिरपे डोळे लगेच सापडतात. काही सापडलं नाही.

काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"छान झालाय रे. पण नाकावरचे ते दोन खळगे कुठे गेले?"

चष्म्याच्या पॅडचे वळ. ते मी डाग समजून, मोठ्या निगुतीने, पुसले होते.

ते पुसल्याचा लेअर बंद केला.

"हां," काकू म्हणाल्या, "आता चष्मा काढलाय ह्यांनी."