तांब्यातलं पाणी चालतं, तांब्यातलं ताक कळकतं

"ताई, रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून सकाळी प्यायलं की खरंच फायदा होतो का? आणि अल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवलं की विष होतं म्हणतात, ते खरं का?"

तुम्ही विचारलंत म्हणून जरा नीट सांगते, कारण मी ३० वर्षं नाशिकच्या शाळेत केमिस्ट्री शिकवली आणि घरही जुन्या नाशकात, भांडी बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे हा प्रश्न मला पालक, शेजारी, नातेवाईक सगळ्यांनी विचारून झालाय.

आधी साधं पाणी. बंगळुरूच्या एका आयुर्वेद संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ साली याच्यावर पेपर छापला. त्यांनी पाण्यात मुद्दाम कॉलरा, टायफॉइड, हगवण वगैरेंच्या गटातले जंतू घातले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, तर नंतर त्यात जिवंत जंतू सापडले नाहीत. पाण्यात तांबं उतरलं होतं लिटरला साधारण ०.१८ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि मोठ्या माणसाला दिवसाला तांबं लागतंच साधारण १ ते २ मिलिग्रॅम, ते आपल्या डाळी-दाण्यांतून मिळतं. तेव्हा साधं पाणी रात्रभर ठेवून सकाळी दोन ग्लास प्यायलात तर घाबरायचं काहीच कारण नाही.

पण फायदा जो आहे तो जंतूंचा आहे. वजन उतरतं, थायरॉइड बरा होतो, केस काळे होतात, हे जे फॉरवर्ड येतात त्याला मला कुठे पुरावा दिसला नाही. शिवाय आपल्या नळाला गंगापूर धरणाचं पाणी क्लोरीन टाकून येतं, म्हणजे जंतू मारायचं काम बरंचसं आधीच झालेलं असतं. विहिरीचं पाणी पिणाऱ्यांना तांब्याचा उपयोग जास्त. तोही पाणी स्वच्छ असेल तरच, कारण पावसाळ्यात गोदावरीला पूर आल्यावर येतं तसं गढूळ पाणी असलं की सुटलेलं तांबं त्या मातीला आणि पालापाचोळ्याच्या अंशाला चिकटून बसतं आणि जंतूंना पुरत नाही. गढूळ पाणी गाळून उकळायचंच, तांब्यावर सोडून द्यायचं नाही.

आता खरी गडबड कुठे होते ते. आमच्या शेजारच्या वहिनींनी एका उन्हाळ्यात रात्री तांब्याच्या जगमध्ये पाण्यातच लिंबू पिळून ठेवलं, डिटॉक्स म्हणून, आणि सकाळी उपाशीपोटी दोघांनी प्यायलं. अर्ध्या तासात मळमळ, पोटात मुरडा, त्यांच्या मिस्टरांना उलटी. त्या मला म्हणाल्या, लिंबू खराब होतं का गं? मी विचारलं चव कशी होती, तर म्हणाल्या, "नाणं तोंडात धरल्यासारखी." हीच खूण. लिंबाचं आम्ल तांबं झपाट्याने विरघळवतं, आणि लिटरला ३-४ मिलिग्रॅमच्या वर गेलं की काही माणसांना लगेच मळमळायला लागतं, उपाशीपोटी जास्तच. तेवढ्यावर बहुतेक वेळा थांबतं, कारण पोटच ते बाहेर टाकतं. म्हणून पाणी तुरट, धातूसारखं लागलं तर घोट गिळू नका, ओतून द्या. भांड्यात आत हिरवट थर दिसला तर आधी चिंच-मिठाने घासा, खळखळून धुवा, आणि पहिलं भरलेलं पाणी झाडांना घाला.

आपल्या आज्यांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर "ताक कळकलं" हा शब्द आपल्याकडे आहे. पितळेत तांबंच मुख्य असतं, त्यामुळे कल्हई नसलेल्या पितळेत दही-ताक, आमटी ठेवायची नाही हा घरोघरी नियमच होता. कल्हई म्हणजे आत कथलाचा थर, नवसागर टाकून तापवलेल्या भांड्यावर कापसाने पुसत पुसत लावलेला. तो उडाला की आतलं पिवळं दिसायला लागतं, की पुन्हा लावायची.

आणि यातला सगळ्यात गंभीर भाग लहान बाळांचा आहे, जो मला वाटतं लोक पार विसरलेत. पूर्वी आपल्याकडे साधारण सहा महिने ते चार-पाच वर्षांच्या मुलांना लिव्हरचा एक आजार व्हायचा, लिव्हर दगडासारखं कडक होऊन मूल दगावायचं. पुण्याचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी १९७९ पासून पुढे याचा मागोवा घेतला. या मुलांच्या लिव्हरमध्ये तांबं प्रचंड साचलेलं निघालं, आणि घरी काय पाजत होता असं विचारल्यावर बऱ्याच घरांत तेच उत्तर मिळालं, की गाईम्हशीचं दूध फार लवकर सुरू केलेलं आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं. दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन तांब्याला घट्ट धरतं, त्यामुळे पाण्यात जेवढं उतरतं त्यापेक्षा दुधात कितीतरी जास्त जमतं. शिवाय तान्ह्या बाळाच्या लिव्हरला जादा तांबं बाहेर टाकायची ताकद नसते. काही मुलांत उपजत कमजोरीही असावी असं मानतात, पण स्टीलची पातेली आली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा बाळाचं दूध तांब्या-पितळेत नाही, पावडरचं दूध तांब्यातल्या पाण्यात कालवायचं नाही, मोठ्यांना कितीही चाललं तरी. विल्सन्स डिसीज, म्हणजे शरीरात तांबं साचत जाण्याचा उपजत आजार, असलेल्यांनीही तांब्याचं भांडं लांबच ठेवायचं.

अल्युमिनियमचं थोडक्यात. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो, त्यामुळे भात, दूध, पाणी यात फारसं काही उतरत नाही. आम्ल किंवा खायचा सोडा पडला की थर विरघळतो. तुमच्याकडे जुनं काळवंडलेलं पातेलं असेल तर त्यात टोमॅटोचं सार करून बघा, पातेलं आतून चकचकीत निघेल, आणि निघालेला थर सारात गेलेला असेल. एका जेवणाला तो काही मिलिग्रॅम. सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे आठवड्याला २ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, आणि रक्तात गेलेलं बरंचसं निरोगी किडनी लघवीवाटे टाकून देते. अल्झायमर होतो हे भांड्यांच्या बाबतीत सिद्ध झालेलं नाही. डायलिसिसच्या पेशंटना मात्र पूर्वी पाण्यातल्या आणि औषधातल्या अल्युमिनियमने मेंदूचा त्रास झालेला आहे, म्हणून किडनी खराब असलेल्या घरात मी स्टीलच वापरायला सांगते.

मला जास्त काळजी भंगार वितळवून ओतलेल्या, शिक्का नसलेल्या स्वस्त पातेल्यांची वाटते, कारण त्या भंगारात शिसं येऊ शकतं, आणि आफ्रिकेत अशा भांड्यांतून ते अन्नात उतरलेलं मोजलेलं आहे. शिसं दिसत नाही, चवीला कळत नाही. मी स्वतः चिंच-टोमॅटोचं सगळं स्टीलमध्ये करते, भाताला अल्युमिनियमचा कुकर आहे आणि उशाशी तांब्याचा तांब्या आहे, त्यात फक्त पाणी.