सात ओळींचा मेसेज

ऑगस्ट २०२१. कॉलेजमध्ये मुलं येत नव्हती, म्हणून माझं शिष्यवृत्तीचं टेबल फोनवरच चालायचं. एका सकाळी पहिल्या वर्षाच्या एका मुलीचा मेसेज आला, ‘मॅडम, ट्रस्टला हे पाठवू का? जरा नीट करून द्या.’

खाली तिचा मजकूर होता. घरची परिस्थिती, वडिलांचं बंद पडलेलं काम, आईचं आजारपण यावर पंधरा-वीस ओळी, आणि शेवटी, ‘माझी स्कॉलरशिप अजून आली नाही, कृपया लवकर पाठवा.’ सोबत डेबिट कार्डाचे दोन फोटो होते, पुढचा आणि मागचा. आधी मी तेच काढायला लावले. पैसे जमा करायला खाते क्रमांक लागतो, कार्डाचा नंबर नाही. मागचे तीन आकडे तर कुणालाच द्यायचे नसतात.

मग मंजुरीचं पत्र मागवलं. ते आल्यावर सगळं सुटसुटीत झालं. ९ डिसेंबर २०२० ला ६०,००० रुपये मंजूर, ३०,००० चे दोन हप्ते. दुसरा हप्ता पहिल्या सत्राची गुणपत्रिका मिळाल्यापासून १५ दिवसांत. पहिला हप्ता १८ जानेवारीला जमा झाला होता आणि गुणपत्रिका तिने २१ जूनला मेलने पाठवली होती. म्हणजे ६ जुलैपर्यंत पैसे यायला हवे होते. ट्रस्टच्या माणसाला हेच हवं असतं. त्याच्यासमोर शेकडो नावं असतात. मंजुरी क्रमांक दिसला की तो थेट त्या ओळीवर जातो.

परिस्थितीच्या ओळी मी कापल्या तेव्हा ती दुखावली. ‘मॅडम, ते वाचलं तर त्यांना कळेल ना मला किती गरज आहे.’ मी तिला सांगितलं, ‘अगं, गरज बघूनच त्यांनी मंजुरी दिली आहे. ती पुन्हा सिद्ध करायला गेलीस तर ज्यावर तुझा हक्क ठरलाय तेच तू नव्याने मागतेयस असं वाटेल.’ पण फी भरायची शेवटची तारीख २० ऑगस्ट होती. ती ओळ ठेवली, कारण ती वाचून कुणीतरी काम हातात घेतं.

बँकेचा तपशील लिहायला पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागितला आणि तिथे मी थांबले. आयएफएससी SYNB ने सुरू होत होता. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली होती आणि तिचे जुने कोड ३० जून २०२१ पर्यंतच चालणार होते. जानेवारीचा हप्ता त्याच कोडवर बिनबोभाट आला होता. दुसरा हप्ता जुलैत निघाला असेल, तर तो खात्यापर्यंत पोहोचलाच नसणार. म्हणजे आम्ही ‘उशीर’ म्हणत होतो तो कदाचित उशीर नव्हताच.

नवा कोड अंदाजाने लिहायचा नाही, हे मी तिला दोनदा बजावलं. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, पुढची सहा शाखेची. त्या सहांत चूक झाली तर सगळाच घोळ. तिने शाखेत जाऊन CNRB चा कोड असलेलं पासबुक छापून आणलं. खाते क्रमांक तोच राहिला होता. मग मेसेजमधला प्रश्नच बदलला. ‘पैसे का आले नाहीत’ याऐवजी ‘पाठवलेली रक्कम परत आली का’ असं विचारलं. शेवटचा मजकूर असा झाला:

‘विषय: दुसरा हप्ता, मंजुरी क्रमांक (पत्राप्रमाणे), दि. ९ डिसेंबर २०२०.
महोदय, मला मंजूर ६०,००० रुपयांपैकी ३०,००० रुपयांचा पहिला हप्ता १८ जानेवारी २०२१ रोजी मिळाला. आभारी आहे.
गुणपत्रिका २१ जून रोजी मेलने पाठवली आहे. दुसरा हप्ता अद्याप जमा झालेला नाही.
बँकेच्या विलीनीकरणामुळे माझ्या शाखेचा आयएफएससी बदलला आहे. जुन्या कोडवर पाठवलेली रक्कम आपल्याकडे परत आली आहे का, कृपया पाहावे.
खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, नवा आयएफएससी व शाखा खाली दिली आहे. खाते माझ्या एकटीच्या नावावर आहे.
फी भरण्याची अंतिम तारीख २० ऑगस्ट आहे.
सोबत: मंजुरीपत्र, गुणपत्रिका, नव्या पासबुकाचे पहिले पान.’

मेसेज मंजुरीपत्रावर छापलेल्या ईमेल पत्त्यावरच पाठवायला सांगितला. कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या मोबाइल नंबरवर खाते क्रमांक द्यायला मी तयार नव्हते.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ५ जुलैला रक्कम पाठवली होती आणि ती परत आली होती. हिशेबात नोंद होती, पण विद्यार्थिनीला कळवायचं राहून गेलं होतं. नवा कोड नोंदवून त्यांनी पुढच्या यादीत तिचं नाव घातलं. १७ तारखेला संध्याकाळी तिने बँकेच्या एसएमएसचा फोटो पाठवला. त्याच रात्री मी माझ्या यादीतल्या आणखी ज्या मुलांचे कोड SYNB ने सुरू होत होते, त्यांना एकेक करून फोन लावायला बसले.