स्वल्प बघून घे

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन. नोकरीचा पहिला दिवस होता त्याचा, उद्यमबागेतल्या बीड ओतायच्या एका फौंड्रीत. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागं उभा राहून दबक्या आवाजात बोलत होता. "मामा, सुपरवायझरनं कास्टिंगचा ढीग दाखवला आणि म्हणाले, ते तेवढं स्वल्प बघून घे. आणि गेले की ओ! स्वल्प म्हणजे किती? आणि बघायचं म्हणजे काय बघायचं?"

मला हसूच आलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

बेळगावात राहून ज्याला या शब्दानं छळलं नाही असा माणूस सापडायचा नाही. कन्नडमधून तो आमच्या मराठीत येऊन पाय पसरून बसलाय. स्वल्प सरका, स्वल्प थांबा, चहात साखर स्वल्प. 'स्वल्प थांबा' म्हणणारा माणूस दोन मिनिटांत येतो, नाहीतर घरी जाऊन जेवून येतो. पुण्याकडच्या मराठीत हा शब्द स्वल्पविरामापुरता उरलाय, आणि तिथं तो निदान किती थांबायचं ते तरी सांगतो.

लहानपणी आई मला रविवार पेठेत पिटाळायची. "मिरच्या घेऊन ये जा." बस्स, एवढंच. मी धावत जाऊन दुकानाच्या पायरीवर उभा राहायचो आणि म्हणायचो, मिरच्या द्या. दुकानातले काका वजनाचा काटा खाली ठेवायचे, चष्म्यावरून बघायचे.

"कुठल्या?"

"लाल."

"लाल तर सगळ्याच असत्यात. वर्षाचं तिखट करायलीय काय आई, का घरात संपल्यात म्हणून पाठवलंय?"

मला ठाऊक नसायचं. मग पुढचा प्रश्न, "काल आईनं उखळ बाहेर काढलंय काय?" हो म्हटलं की ते आत जाऊन दोन पोती उघडायचे. ब्याडगी रंगाला, सुरकुतलेली, गर्द लाल, जिभेला फारसं न लागणारी. संकेश्वरी तिखटाला, बारीक, लांब आणि डोळ्यांत पाणी आणणारी. वर्षाच्या तिखटाला दोन्ही लागतात. मला आठवतंय, त्यांनी मला 'तुला काय पाहिजे' असं कधी विचारलं नाही. ते मला सांगता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. सातवीतल्या पोरालाही ज्याचं उत्तर देता येईल, असंच ते विचारायचे. उखळ बाहेर आहे का नाही? एवढं तर मी बघितलेलं असायचंच.

ही अक्कल मला नोकरीच्या पहिल्या दिवशी आठवली असती तर बरं झालं असतं.

1994 चा जून होता. पाऊस असा की तिसऱ्या रेल्वे गेटपाशी सायकल खांद्यावर घ्यावी लागली. आयटीआय झालेला मी, फौंड्रीत इन्स्पेक्शनला. सुपरवायझरनी एका पॅलेटकडं बोट केलं. बेअरिंग हाउसिंगचे साठ जॉब, रात्री फेटलिंग, म्हणजे वाळू झाडून कडा घासणं, होऊन आलेले, अजून हाताला वाळू लागत होती. "लंचपर्यंत हे बघ, खराब असतील ते बाजूला काढ," म्हणाले. मी "होय सर" म्हटलं. छाती फुगवून म्हटलं, हे वेगळं सांगायला नको. पहिल्याच दिवशी विचारलं तर येत नाही म्हणतील, ही भीती सगळ्यांनाच असते. मला जरा जास्त होती.

खडू घेतला आणि सुरू केलं. ज्याच्या अंगावर भोक दिसलं त्याच्यावर फुली. लंचपर्यंत तेवीस फुल्या झाल्या. आपली नजर चांगली आहे असं वाटून मी स्वतःवर खूश होतो.

सुपरवायझर आले, तेवीसपैकी एक उचलला, खिशातून तार काढून भोकात घातली. तार जेमतेम दोन मिलिमीटर आत गेली. "हा पृष्ठभाग मशीनवर जाणार हाय. इथं तीन मिलिमीटर माल जादा ठेवलाय. कापायचं टूल फिरलं की हे भोक मालासकट जातंय." मग दुसरा, तिसरा. तेवीसपैकी एकोणीस त्यांनी परत चांगल्यांत ठेवले. उरलेल्या चारांत तार खोल गेली होती. ते मशीनवर चढवले तर टूल वरचं कातडं काढणार आणि आतलं भोक उघडं पडणार.

मग समजलं की ही भोकं बहुतेक एकाच बाजूला का होती. बिडाचा रस साच्यात ओतला की वाफ आणि वायू वर चढतात, आणि वाट मिळाली नाही तर वरच्या बाजूलाच अडकतात. म्हणून वरच्या तोंडाला कापायला माल सहसा जास्त ठेवतात. म्हणजे मी ज्याला दोष म्हणून फुली मारत होतो, त्यातल्या बऱ्याच दोषांची सोय साच्याचा नमुना, म्हणजे पॅटर्न, करणाऱ्यानं आधीच केलेली होती.

खरी फजिती पुढं होती. माझ्या सदतीस 'चांगल्यां'तून त्यांनी दोन बाहेर ओढले. वरून देखणे, एकही भोक नाही. कॅलिपर लावून मधल्या भोकाभोवतीची भिंत दोन्ही बाजूंनी मोजायला सांगितली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला आठ मिलिमीटरनं पातळ. मधली जागा पोकळ ठेवणारा आतला वाळूचा कोअर ओतताना चार मिलिमीटर सरकला होता. मधलं भोक 74 चं ओतलेलं, मशीनवर 80 चं होणार, म्हणजे प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर कापायचा माल. कोअर चार सरकला तर एका बाजूला सात मिलिमीटर कापावा लागणार आणि दुसऱ्या बाजूला टूल पोचणारच नाही, एक मिलिमीटर अलीकडंच फिरणार आणि कच्ची कातडी तशीच राहणार. बेअरिंग तिथं बसणार कसं? आणि हे डोळ्यांनी कधीच दिसत नाही, मोजावंच लागतं. इथं पकडला तर जॉब परत भट्टीत जातो. मशीनवर चढून मग पकडला तर वर कापायची मजुरीही जाते.

नंतर कितीतरी वर्षं मला एकच प्रश्न पडायचा. 'खराब' एवढंच ते का म्हणाले? मुद्दाम नव्हतं ते. पंधरा वर्षं हात फिरवलेल्या माणसाला 'खराब' हा शब्द पुरतोच. टूल कुठं लागतं, किती कापतं, आत काय बसतं, हे सगळं त्याच्या बोटांत असतं, जिभेवर येत नाही. 'मी काय करू सर' असं विचारलं असतं तर तेच वाक्य जरा मोठ्यानं परत आलं असतं. विचारायला हवं होतं, टूल कुठल्या तोंडाला लागतं? किती मिलिमीटर? आणि तुम्ही स्वतः काढलेला एक खराब जॉब मला दाखवता काय? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत भारी. उत्तर बोलून द्यावं लागत नाही, उचलून दाखवावं लागतं, आणि ते कुठलाही सुपरवायझर देऊ शकतो.

वेळेचंही असतंय बघा. सकाळी आठला शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरच्या मागं पळणाऱ्यांची रांग असते, कुणाचा कोळसा आलेला नाही, कुणाचा माणूस. तेव्हा विचारलं तर 'बघ की रे' एवढंच मिळतं. मी पुढं पुढं एक सवय लावून घेतली. आधी दहा जॉब बघायचे, शंका आलेले दोन हातात घ्यायचे आणि चहाच्या वेळी समोर जाऊन उभं राहायचं. हातातल्या जॉबला माणूस टाळू शकत नाही. मग आपण काय समजलो ते आपणच बोलून दाखवायचं. "म्हणजे सर, वरच्या तोंडाला तारेनं तीनपर्यंत चालेल, बाजूला तेल राहणार तिथं अजिबात नको, कोअरची भिंत चारांतल्या एकाची मोजायची. बरोबर?" चूक असली तर ते लगेच ओरडतात. ओरडले की खरा आकडा बाहेर येतो.

सगळ्यांकडं हे चालत नाही, तेही सांगतो. एक साहेब असे भेटले की मुद्दामच मोघम बोलायचे. काम बिघडलं की 'मी असं कुठं म्हटलं होतं' म्हणायला मोकळे. त्यांच्यासाठी मी एक वही ठेवली आणि त्यांच्यासमोरच लिहायचो, तारीख घालून. वही निघाली की साहेबांचं बोलणं अचानक मिलिमीटरमध्ये यायचं.

भाच्याला यातलं एवढंच सांगितलं, टूल कुठं लागतं विचार. त्याची सुट्टी संपत आली होती. "एवढंच?" म्हणाला. स्वल्प आहे, म्हटलं, तेवढं पुरे.

त्या दिवशीचं एक मात्र त्याला सांगितलं नाही.

सुपरवायझर यायच्या आधी, साडेअकराच्या सुमारास, हुक्केरीकडचा, वाळूचे साचे करणारा एक म्हातारा मोल्डर माझ्या पॅलेटपाशी येऊन उभा राहिला होता. ते साठ जॉब त्याच्या हातचे होते, आणि त्याची मजुरी चांगल्या निघालेल्या जॉबांवर मोजली जायची. त्यानं फुलीचा एक जॉब उचलून फिरवून बघितला.

"तम्मा, ह्यो कशाला काढलास?"

"भोक हाय," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाला?"

मी दाखवलं. "हितं टूल लागतंय की रे," म्हणाला. मला तेव्हा टूलचं काहीच ठाऊक नव्हतं. आपण इन्स्पेक्शनवाले, हे मात्र ठाऊक होतं. मी म्हटलं, साहेब सांगतील. तो वाद घालायला आला नव्हता. पॅलेटच्या कडेला बूड टेकून बसला, लंच होईपर्यंत.

साहेब येऊन एकोणीस परत ठेवून गेले तेव्हा त्यानं काही म्हटलं नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. खरबरीत बिडावरचा खडू नुसता झटकून जात नाही. तो एकेक जॉब मांडीवर घेऊन, अंगठ्याला थुंकी लावून, माझ्या फुल्या पुसत होता.