आखाजी कधी एप्रिलात, कधी मेमध्ये: एप्रिल २०२६ च्या अंदाजाचा हिशेब आणि मेची तयारी

एप्रिल संपला, यूट्यूबवरच्या व्ह्यूजचे आकडे स्थिर झाले, म्हणून महिन्याच्या व्ह्यूजच्या अंदाजाची या वेळची नोंद सविस्तर लिहितोय. चॅनेल तेच, आईच्या हातचा खानदेशी स्वयंपाक, अमळनेरहून. वर्षभर या चॅनेलवर तीन वेगळे हंगाम चालतात. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी, फेब्रुवारीच्या शेवटापासून बिबडे-कुरडयांचं वाळवण, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या, घागर भरणं. पहिले दोन हंगाम हवामानावर चालतात, त्यामुळे ते दरवर्षी साधारण त्याच इंग्रजी महिन्यात येतात. आखाजी पंचांगावर चालते. माझ्या मते सण-वाराचं चॅनेल चालवणाऱ्या प्रत्येकाचा अंदाज नेमका इथेच अडतो.

आधी पद्धत थोडक्यात. महिन्याची बेरीज मी वापरत नाही, महिन्याची रोजची सरासरी वापरतो. फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३१ दिवस, यातच दहा टक्क्यांहून जास्त फरक पडतो आणि तो उगाच 'वाढ' म्हणून दिसतो. शॉर्ट्स पूर्ण बाजूला ठेवतो. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट चालू झाला की लगेच व्ह्यू मोजला जातो, पुन्हा चालला की पुन्हा मोजला जातो. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत ठेवले तर त्यातून हंगाम निघत नाही, मोजण्यातला बदल निघतो.

मग बारा महिन्यांची मध्यावर बसवलेली मूव्हिंग ॲव्हरेज. बारा ही सम संख्या असल्यामुळे मध्य बरोबर महिन्यावर येत नाही, म्हणून तेरा महिने घ्यायचे आणि दोन्ही टोकांचे अर्धे धरायचे. B2 ते B14 मध्ये तेरा महिने असतील, तर B8 च्या शेजारी हे सूत्र:

```
=(B2/2+SUM(B3:B13)+B14/2)/12
```

यात प्रत्येक महिना एकदाच मोजला जातो, हंगाम पुसला जातो आणि चॅनेलची खरी चाल उरते. महिन्याच्या सरासरीला या आकड्याने भागलं की त्या महिन्याचं गुणोत्तर मिळतं. १.२० म्हणजे नेहमीपेक्षा वीस टक्के जास्त. तीन वर्षांच्या त्याच महिन्याच्या गुणोत्तरांची सरासरी म्हणजे हंगामी निर्देशांक. सुरुवातीचे आणि शेवटचे सहा-सहा महिने या हिशेबात हाती लागत नाहीत, त्यामुळे तीन वर्षांची गुणोत्तरं हवी असतील तर चार वर्षांचा डेटा लागतो.

आता एप्रिल-मेची गुणोत्तरं बघा. एप्रिल २०२३ चं १.२५, २०२४ चं ०.९४, २०२५ चं १.२७. मेची त्याच क्रमाने ०.८२, १.१४, ०.८३. नुसते आकडे पाहिले तर चॅनेल लहरी वाटतं. शेजारी तिथी मांडली की सगळं उलगडतं: आखाजी २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये १० मेला, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतो आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून २०२४ ची आखाजी मेमध्ये गेली.

सरासरी काढली तर एप्रिलचा निर्देशांक १.१५ येतो आणि मेचा ०.९३. पण १.१५ च्या जवळचा एप्रिल आमच्याकडे एकदाही आलेला नाही, आणि ०.९३ चा मेही नाही. सरासरी दोन वेगळ्या प्रकारच्या एप्रिलांमध्ये कुठेतरी मधेच उभी राहते. तुमच्या शीटमध्ये दोन लागोपाठच्या महिन्यांची गुणोत्तरं अशी उलटसुलट हलत असतील, एक वर गेलं की शेजारचं खाली, तर बहुतेक वेळा मधे एखादा सरकता सण असतो. गणपती, नवरात्र, दिवाळी, सगळ्यांना हे लागू आहे.

उपाय म्हणजे सण वेगळा काढायचा. यूट्यूब स्टुडिओमध्ये व्हिडिओंचे ग्रुप करता येतात. आखाजीच्या व्हिडिओंचा एक ग्रुप केला आणि त्याचे व्ह्यूज तारखेवर न मांडता सणापासूनच्या दिवसांवर मांडले: उणे चौदा, उणे तेरा, असं करत शून्य म्हणजे आखाजी, मग अधिक दोन. तिन्ही वर्षांच्या रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. पहिले पाच दिवस संथ, एकूण व्ह्यूजच्या जेमतेम आठ टक्के. मग चढ, आणि मांड्यांचा कळस आदल्या दिवशी, कारण डाळ आणि कणीक त्याच संध्याकाळी ठरते. घागरीच्या व्हिडिओला मात्र सणाच्या सकाळीच लोक येतात.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. स्टुडिओचा दिवस पॅसिफिक वेळेवर चालतो. उन्हाळ्यात तो आपल्याकडे दुपारी साडेबाराला बदलतो. म्हणजे आखाजीच्या सकाळी घागर भरताना पाहिलेला व्हिडिओ आदल्या तारखेत जमा होतो. घागरीच्या रेषेचा कळस 'उणे एक'वर दिसतो तो यामुळे. सण महिन्याच्या टोकावर असेल, २०२५ सारखा ३० तारखेला, तर एप्रिल-मेची वाटणी करताना हे अर्ध्या दिवसाचं सरकणं धरायला हवं.

या सतरा दिवसांच्या खिडकीत ग्रुपला २०२३ मध्ये साधारण १४,०००, २०२४ मध्ये १७,५०० आणि २०२५ मध्ये २०,५०० व्ह्यूज मिळाले. नुसते बघितले तर आखाजी दरवर्षी मोठी होतेय असं वाटेल. पण त्या-त्या वेळच्या चॅनेलच्या, हंगाम काढून उरणाऱ्या मूळ पातळीने भागलं (१,२५०, १,५६०, १,८०० रोज), तर उत्तर ११.२, ११.२ आणि ११.४. आखाजी म्हणजे चॅनेलच्या सव्वाअकरा दिवसांची कमाई. चॅनेल वाढलं, सणाचा वाटा जागचा हलला नाही. हा आकडा मला फार आवडला, कारण तो महिन्यावर अवलंबून नाही, सण कुठेही गेला तरी सोबत नेता येतो.

आता ३१ मार्चला केलेला अंदाज. आखाजी वगळून बाकी चॅनेलची रोजची सरासरी जानेवारीत २,३५०, फेब्रुवारीत २,०९०, मार्चमध्ये १,९८०. सरळ उतरण दिसते. पण याच बाकी व्हिडिओंचे निर्देशांक १.२०, १.०५ आणि ०.९८ आहेत. भागाकार केला की १,९५८, १,९९०, २,०२० येतात, म्हणजे चॅनेल हळूहळू वर चाललंय आणि उतरतोय तो फक्त भरिताचा हंगाम. या तिघांची मूव्हिंग ॲव्हरेज १,९९०. बाकीचा एप्रिल निर्देशांक ०.९३, म्हणून रोज १,८५०, महिन्याचे ५५,५००. आखाजी १९ एप्रिलला, चौदा दिवस आधीपासून म्हणजे ५ ते २१, सगळी खिडकी एप्रिलातच. १,९९० गुणिले ११.३ म्हणजे २२,५००. एकूण ७८,०००.

आईला मार्चमध्ये मांड्यांच्या नव्या व्हिडिओबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "औंदा आखाजी लवकर शे, आतेच करी टाकूत." खिडकी उघडायच्या आधीच व्हिडिओ टाकला गेला, याचं श्रेय तिचं.

प्रत्यक्षात ७५,९०० झाले. अंदाज पावणेतीन टक्के जास्त. सरासरी निर्देशांकाची जुनी रीत ७०,७०० सांगत होती, म्हणजे जवळपास सात टक्के कमी. पण एकूण चुकीपेक्षा तुकडे बघण्यात जास्त अर्थ आहे. आखाजी २२,८०० झाली, जवळजवळ नेम लागला. बाकी चॅनेल मात्र ५३,१०० वर थांबलं, २,४०० ने कमी. ते कुठे गेले?

ते अपलोडमध्ये सापडले. जानेवारी ते मार्च महिन्याला चार नवे व्हिडिओ येत होते, एप्रिलात लगीनसराईमुळे आखाजीशिवायचे दोनच आले. मूव्हिंग ॲव्हरेजला हे कळायचा मार्ग नाही, ती धरून चालते की अपलोडचा वेग तोच राहील. आमचा नवा व्हिडिओ ज्या महिन्यात येतो त्या महिन्यात साधारण ९०० व्ह्यूज आणतो. हा आकडा मध्यक आहे. सरासरी घेतली तर गेल्या वर्षी अचानक पळालेला एकच भरिताचा व्हिडिओ तिला जवळपास दुप्पट करतो. दोन व्हिडिओ कमी, म्हणजे १,८०० कमी. अंदाज ५३,७०० वर येतो आणि वास्तवापेक्षा फक्त सहाशेने जास्त राहतो. आता शीटमध्ये 'ठरलेले अपलोड' असा रकाना वाढवला आहे. नेहमीच्या चारपेक्षा जितके कमी-जास्त, तितके ९०० वजा किंवा अधिक.

त्याच हिशेबाने मे. मूळ पातळी फेब्रुवारीची १,९९०, मार्चची २,०२०. एप्रिलची ५३,१०० ला तीसने आणि ०.९३ ने भागून १,९०३ येते, पण त्यात दोन व्हिडिओंची तूट आहे. ती भरून, म्हणजे ५४,९०० वरून, १,९६८. तिघांची सरासरी १,९९३, मेचा निर्देशांक ०.८३, दिवस ३१: ५१,३००. मेमध्ये तीन व्हिडिओ ठरलेत, म्हणून ९०० वजा, ५०,४००. आखाजीचा वाटा शून्य. जुनी रीत ५९,००० च्या आसपास सांगतेय, कारण तिच्या पोटात अजून २०२४ ची आखाजी बसलेली आहे.

या मेमध्ये एक भर आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, धोंड्याचा महिना. जावयाला बोलावणं, पुरणाचे धोंडे, अनारसे, हे सगळं घराघरांत चालेल, आणि लग्नाचे मुहूर्त थांबतील. याआधीचा अधिक मास १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३ चा, तेव्हा आमच्याकडे धोंड्यांचा एकच व्हिडिओ होता. एका वेळेच्या नोंदीवरून निर्देशांक काढण्यात अर्थ नाही. म्हणून ५०,४०० हा तळ धरतो आणि वरची बाजू ५५,००० पर्यंत मोकळी ठेवतो. धोंड्यांचा वेगळा ग्रुप आजच केला आहे. या वेळी तो १७ मे पासूनच्या दिवसांवर मांडत जाईन, म्हणजे पुढच्या अधिक मासासाठी निदान एक नीट रेषा हाती राहील.

त्यानंतर कानबाई, खानदेशातला देवीचा सण. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते: गेल्या वर्षी ३ ऑगस्टला, यंदा २३ ऑगस्टला. गेल्या वर्षी चौदा दिवसांची चढण २० जुलैपासून सुरू होत होती, म्हणून नैवेद्याच्या रोटाच्या व्हिडिओंचा काही भाग जुलैत पडला. यंदा सगळा ऑगस्टात पडेल. ज्यांच्या चॅनेलवर कानबाईची गाणी आहेत त्यांनी जुलैचा निर्देशांक वापरण्याआधी तो भाग काढून घ्या. तुमची खिडकी किती दिवसांची निघते तेही कळवा. गाण्यांना माणसं सणाच्या दिवशीच जास्त येतात की आठवडाभर आधीपासून, हे माझ्या स्वयंपाकाच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.