आईच्या गालावरचा निळा उजेड

कऱ्हाडच्या बाजारपेठेतल्या आमच्या स्टुडिओत वर्षश्राद्धासाठी फोटो मोठा करून घ्यायला माणसे नेहमीच येतात. बहुतेक वेळा काम ठरलेले असते. लग्नातल्या समूहचित्रातून चेहरा वेगळा काढायचा, मागचा पडदा बदलायचा, फ्रेम करून द्यायची. त्या दिवशी आलेल्या ताईंनी मात्र फोन माझ्यासमोर धरला आणि पहिल्यांदा मला काही बोलताच आले नाही. फोटोतल्या आजी मनापासून हसत होत्या, पण त्यांचा अर्धा चेहरा निळा होता.

नातू परदेशात शिकतो. रात्री जेवणे उरकल्यावर लॅपटॉपवर त्याच्याशी बोलताना नातीने बाजूने हा फोटो टिपला होता. खोलीत एकच पिवळा बल्ब, तोही आजींच्या उजव्या हाताला मागे. डावीकडे वीतभर अंतरावर लॅपटॉपचा पडदा. "दादा, आई फोटोला कधी हसायचीच नाही. हा एवढाच आहे," ताई म्हणाल्या. "पण असा निळा चेहरा भिंतीवर लावायचा म्हणजे बाबांना बघवणार नाही."

मी आधी मूळ फाइल मागितली. त्यांच्याकडे व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत होती, आणि अंधारातल्या फोटोची अशी लहान केलेली, दाबलेली प्रत घेऊन रंग दुरुस्त करायला बसणे म्हणजे आधीच पातळ झालेल्या कापडाला पुन्हा ताण देणे. नातीच्या फोनमधून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला, तेव्हा चार हजार पिक्सेल रुंदीची मूळ जेपीईजी हाती आली. ती उघडून मी लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही चॅनेल, म्हणजे त्या त्या रंगाच्या उजेडाची वेगळी नोंद, एकेक करून पाहिले. हिरवा स्वच्छ होता. निळ्यात पडद्याकडची बाजू लख्ख उजळलेली होती. लालमध्ये मात्र तीच बाजू काळवंडलेली आणि वाळू पसरल्यासारखी खरखरीत होती. खरे दुखणे तिथे होते. आपली कातडी लाल रंग सर्वांत जास्त परत फेकते, पण पडद्याच्या उजेडात तो बल्बच्या मानाने फार थोडा असतो. त्यामुळे चेहऱ्याच्या त्या भागाची लाल माहिती कॅमेऱ्यापर्यंत फारशी पोचलेलीच नव्हती. निळा जास्त झाला आहे एवढेच दिसते, पण लाल कमी पडला आहे हे लक्षात घेतल्याशिवाय हे काम जमत नाही.

हे माहीत असूनही घाईत मी आधी सोपा उपाय करून पाहिला. संपूर्ण फोटोचे रंगतापमान पिवळ्याकडे सरकवले, तर गाल सुधारायच्या आत मागची भिंत नारिंगी झाली. एका फोटोत दोन रंगांचे उजेड असले की एकच पट्टी दोघांना पुरी पडत नाही. मग फक्त निळ्या रंगाची गडदता उतरवली. ही चूक अनेक जण करतात, आणि तिचा परिणाम मी ताईंना दाखवायला नको होता. निळा गेला, पण त्याच्याखाली उबदार रंग नव्हताच, त्यामुळे गाल राखेसारखा करडा उरला. ताईंनी मान फिरवली. "शेवटच्या दिवशी अशीच दिसत होती," एवढेच त्या बोलल्या. मी ते लगेच बंद केले आणि त्यांना संध्याकाळी यायला सांगितले.

नंतर शांतपणे बसलो तेव्हा आजींच्या केसांकडे लक्ष गेले. मधोमध भांग आणि दोन्ही बाजूंना चोपून बसवलेले पांढरे केस. पांढऱ्या केसांना स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, म्हणून त्यांच्यावर जो रंग दिसतो तो उजेडाचाच असतो. शून्य ते २५५ च्या मापात बल्बाकडच्या कानशिलावर मोजणी लाल १४२, हिरवा १३२, निळा ११२ अशी आली. पडद्याकडच्या कानशिलावर लाल ८४, हिरवा १२०, निळा १७६. दोन्ही उजेडांचे मोजमाप एकाच डोक्यावर मिळाले होते. आता अंदाजाने पट्ट्या सरकवत बसायची गरज नव्हती.

पडद्याकडचे केस अगदी तटस्थ करड्यावर आणायचे नाहीत, हे मी तेव्हाच ठरवले. खोली पिवळ्या बल्बची आहे. तिच्यात अर्धा चेहरा दिवसाच्या उजेडासारखा स्वच्छ केला तर तो दुसऱ्याच फोटोतून आणून चिकटवल्यासारखा दिसतो. उलट बल्बाइतका पिवळाही नको, कारण उजेड समोरून आला आहे हे सावल्यांवरून कोणालाही कळते. म्हणून मी मधला आकडा धरला: लाल १२४, हिरवा १२०, निळा ११२. म्हणजे हिरव्याला हात लावायचा नाही, लाल सुमारे दीडपट करायचा आणि निळा एक तृतीयांशाहून थोडा जास्त उतरवायचा.

ही दुरुस्ती निळा उजेड जिथे जितका पडला आहे तिथे तितकीच व्हायला हवी होती. दुरुस्ती कुठे किती लागू व्हावी हे ठरवणारा काळा-पांढरा मास्क ब्रशने रंगवला तर नाकाच्या कडेला आणि हनुवटीखाली रेघ उमटते, म्हणून मास्क फोटोतूनच काढला. निळ्या चॅनेलमधून लाल चॅनेल वजा केला की बल्बाच्या बाजूला निळा लालपेक्षा कमी असल्यामुळे काळे उरते, आणि पडद्याच्या बाजूला निळा जितका वरचढ तितके पांढरे होते. लेव्हल्सने तो मास्क उजळवला, वीस पिक्सेलांनी धूसर केला, आणि त्यात आलेला लॅपटॉप व लुगड्याचा निळा काठ हाताने काळा करून टाकला. काठ निळाच होता. तो सुधारायचे कारण नव्हते.

या मास्कवर, एकेका चॅनेलचे आकडे चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कर्व्हजने, केस दुरुस्त झाले. गाल मात्र बिघडला. खरखरीत लाल चॅनेल दीडपट केल्यावर त्याची खरखरही दीडपट झाली आणि गालावर गोवर उठल्यासारखे लाल ठिपके आले. रंगाचा नॉइज कमी करून ते थोडे निवळले, पण पुरेसे नाही. तेव्हा त्वचेपुरता लाल चॅनेल कर्व्हजने न उचलता, एका चॅनेलमध्ये दुसरा मिसळणाऱ्या चॅनेल मिक्सरने नव्याने बांधला: ७० टक्के त्याचा स्वतःचा आणि ७० टक्के हिरव्याचा. गालावर लाल ८४ आणि हिरवा ९२ होता. दोन्हींचे ७० टक्के मिळून १२३ होतात, आणि केसांवरून काढलेल्या हिशेबाने हवा होता १२४. पोत स्वच्छ हिरव्या चॅनेलमधून आला, त्यामुळे डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या पुन्हा नीट दिसू लागल्या.

मग कपाळ पाहिले आणि थबकलो. कुंकू काळे पडले होते. आजी अहेव गेल्या होत्या; त्या घरात या फोटोवरचे कुंकू काळपट दिसणे म्हणजे काय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. कारण सरळ होते. कुंकू हिरवा उजेड जवळजवळ परत फेकत नाही, म्हणून हिरव्या चॅनेलमध्ये ते काळेच असते, आणि तोच चॅनेल मी लालमध्ये मिसळला होता. ओठांचेही काही अंशी तेच झाले होते. कुंकू आणि ओठ मिक्सरच्या मास्कमधून वगळले, त्यांना केसांप्रमाणे फक्त कर्व्हजने उचलले, आणि कुंकवाचा तो अर्धा भाग बल्बाकडच्या अर्ध्या भागाशी जुळेपर्यंत थांबलो. कपाळाच्या मधोमध दोन्ही उजेडांत सापडलेले कुंकू माझ्यासाठी दुसरा मापदंड ठरले: एका बाजूला ते भडक झाले की दुरुस्ती जास्त झाली, तपकिरी राहिले की कमी.

एक दोष मात्र पूर्ण गेला नाही. नाकाच्या शेंड्याशी चमकीजवळ पडद्याची झळाळी थेट उतरली होती आणि तिथे निळा चॅनेल २५५ वर जाऊन अडला होता. खरा आकडा त्याहून मोठा असणार, पण फाइलमध्ये तो नाहीच. अशा ठिकाणी इतरत्र जितका निळा उतरवला तितकाच उतरवला की तो गरजेपेक्षा खूप खाली जातो, आणि नाकावर हळद लागल्यासारखा पिवळा डाग पडतो. मी तिथे मास्क मऊ ब्रशने निम्म्यावर आणला. झळाळी किंचित थंड राहिली, पण डाग गेला. जेपीईजीमध्ये जे नोंदलेच गेले नाही ते परत आणता येत नाही, आणि रंग फासून ते असल्याचा भास करणे मला या चेहऱ्यावर तरी पटले नसते. पूर्वी एका कामात मी त्वचेचा एकच रंग उचलून कलर मोडमध्ये गालावर पसरला होता. लांबून बरे दिसले, पण जवळून ते माणूस मेणाचे झाले. खऱ्या चेहऱ्यावर कान आणि नाक जरा लालसर असतात, कपाळ पिवळसर असते, आणि तो फरकच ओळख असतो.

संध्याकाळी ताई वडिलांना घेऊन आल्या. मी पडद्यावर न दाखवता आठ बाय बारा इंचाच्या मॅट कागदावर काढलेला नमुना समोर ठेवला, कारण उजळ मॉनिटरवर बरा दिसणारा सावलीतला गाल कागदावर अंधारतो, आणि उरलेला निळा छापताना जांभळ्याकडे झुकतो. तसा तो जबड्याखाली थोडा झुकलाही होता. तेवढी जागा पुन्हा दुरुस्त करायची मी पेन्सिलने खूण करून ठेवली होती.

आजोबांनी फोटो ट्यूबलाइटखाली नेला, मग दाराशी उन्हाच्या उजेडात. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ताईंनी फोटोतल्या आजींच्या चष्म्यावर बोट ठेवले. डाव्या काचेत एक लहानसा निळा चौकोन उरला होता. तो डोळ्याला थोडा झाकत होता आणि मी तो काढायच्याच बेतात होतो.

"हा पण घालवू ना?" मी विचारले.

"नको हो," आजोबा म्हणाले. "त्यात आमचा नातू आहे."

मी चौकोन तसाच ठेवला. तो काचेत राहणार म्हटल्यावर त्याच बाजूच्या गालावर निळ्याची पुसट झाक असणेही सुसंगत होते, म्हणून दुरुस्तीच्या थराची अपारदर्शकता शंभरवरून पंच्याऐंशीवर आणली, जबड्याखालचा जांभळा काढला आणि दुसरी प्रत छापायला घातली.